शेगड्या बदलून बघा

“दोघींची परीक्षा घ्यायची असेल, तर आधी शेगड्या बदला, मग तोंड उघडा.”

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली, पण हे वाक्य तिला अजून त्यांच्याच आवाजात ऐकू यायचं. ती धाकटी सून म्हणून घरात आली, त्याच आठवड्यात पाहुण्यांनी गंमत काढली होती. दोघी जावांनी एकेक पातेलं दूध तापवायचं, कुणाचं आधी वर येतं ते बघू. थोरलीचं उतू गेलं तरी धाकटीचं आपलं ढिम्म. “धाकटीचा हातच थंड दिसतोय!” असं एक मामेसासरे म्हणाले. त्यावर सासूबाईंनी ते वाक्य सुनावलं, पातेली पुन्हा भरून शेगड्या बदलल्या, आणि या खेपेला धाकटीचं दूध फसफसून वर आलं. थोरलीची शेगडी नवी होती, धाकटीच्या शेगडीची निम्मी भोकं बुजलेली. मामेसासऱ्यांनी मग धाकटीच्याच दुधाचा चहा मागून घेतला.

आता तीच धाकटी एका मासिकासाठी लॅपटॉप तपासायची. ऑफिसात तिला ‘मोजणीबाई’ म्हणत, आणि तिला ते लागत नसे. निकष आधी लिहायचे, निकाल मागून बघायचा आणि मोजणी संपेपर्यंत कुणाला सांगायचा नाही, हा तिचा नेम. तो तिने एकदाही मोडला नव्हता.

या महिन्यात रुपेरी आणि काळा अशी जोडी होती. दोन्ही एकाच किमतीचे, एकाच मेमरीचे. दोघांवर तीच फाइल, तेच सॉफ्टवेअर, तीच आवृत्ती. दोन्ही चार्जरला लावलेले, वीजवापराची सेटिंग एकसारखी. पडद्याचा उजेडसुद्धा तिने मीटर लावून जुळवला, कारण एकाचे पन्नास टक्के म्हणजे दुसऱ्याचे सत्तर असू शकतात. वेळ वाचावा म्हणून दोघांना दोन टेबलांवर शेजारी शेजारी बसवलं आणि वीस मिनिटांचा व्हिडिओ तयार करायला लावला.

रुपेरी नऊ मिनिटं दहा सेकंद. काळा अकरा मिनिटं पाच सेकंद. मध्ये थंड होऊ देऊन तिने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा जवळपास तेच.

तेवढ्यात थोरल्या जावेचा फोन आला. थोरली एका प्रशिक्षण संस्थेच्या तासांचे व्हिडिओ घरी बसून जोडून द्यायची, आणि तिचा जुना लॅपटॉप परवाच मान टाकून बसला होता.

“अगं, बोल ना एकदाचं! कुठला घेऊ?”

“रुपेरी दिसतोय, ताई. पण शेवटचा आकडा हातात आला की मी स्वतः येऊन सांगते. तोवर घेऊ नका.”

“उद्या सहाला दुकानात जाणारे मी. त्याआधी ये. आणि तुझा शब्द म्हणजे काय, दगडावरची रेघ. मी तर घरात सांगूनही टाकलं, रुपेरी येतोय म्हणून!”

फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं. नेम मोडला होता, तोही जावेपाशी. पण आकडे तर तीनदा आले होते ना?

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅमेरावाले काका दोन्ही लॅपटॉपचं चित्रीकरण करायला आले, ते गळ्याला मफलर गुंडाळून.

“काय हो काका, एवढ्या उन्हाळ्यात मफलर?”

“टिंगल करा बाई, करा! त्या एसीवाल्याने परवा साफ करताना हवा वळवणारी पट्टी फिरवून ठेवलीय. पहिल्या टेबलावर उभं राहिलं की मानेत बर्फ भरतो. दुसऱ्या टेबलावर मात्र घाम. एका खोलीत दोन ऋतू चालवताय तुम्ही!”

ती जागीच थांबली. रुपेरी पहिल्या टेबलावर होता. काळा दुसऱ्या. खोलीचं तापमान तिने रोज लिहिलं होतं, अगदी दशांशापर्यंत, पण थर्मामीटर होता भिंतीवर. आणि भिंतीवर कुणी व्हिडिओ जोडत नाही.

तिने दोन थर्मामीटर आणून टेबलांवर ठेवले. पहिलं बावीस अंश, दुसरं अठ्ठावीस.

“शेगड्या,” ती पुटपुटली.

“काय?”

“काही नाही, काका. जरा काळ्याला इकडे घ्या, रुपेरीला तिकडे.”

तीनदा मोजणं म्हणजे काय, तर तीच चूक तीनदा करणं. हे तिला त्या क्षणी इतकं लख्ख कळलं, की हसूच आलं. मग हसू गिळून ती घड्याळ घेऊन बसली.

गार टेबलावर काळ्याला लागले नऊ मिनिटं तीस सेकंद. उबदार टेबलावर रुपेरी मात्र धापा टाकायला लागला. आतला पंखा भुंग्यासारखा गुणगुणला, आकडा पुढे सरकेना. अकरा मिनिटं पन्नास. अंगकाठी बारीक, तापला की स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करायचा. थंडीत तो पुढे, उकाड्यात काळा पुढे. तिने दोन फेऱ्या आणखी घेतल्या. तेच.

संपादकांनी कागद वाचून कपाळाला हात लावला. “अहो, मी मथळा रंगवून ठेवलाय! ‘रुपेरीची बाजी’! वाचकाला एक विजेता लागतो, बाई.”

“मग वाचकाला आधी खोली विचारावी लागेल, सर.”

“सोपं करा ना. रुपेरी दिसायला देखणा आहे, त्याचे पाच गुण वाढवा, संपला प्रश्न.”

“देखणेपणाचे दहाच गुण आपण पहिल्या दिवशी ठरवलेत. खाली तुमची सही आहे.”

संपादकांनी सहीकडे असं बघितलं, जणू ती दुसऱ्याच कुणाची असावी. काका मफलरमध्ये तोंड खुपसून हसले. “सर, मथळ्यात एक शब्द घाला फक्त. ‘गारेगार रुपेरीची बाजी’!”

अखेर ठरलं ते असं: दोन्ही तापमानांचे आकडे छापायचे, दोन्ही टेबलं दाखवायची, आणि पहिल्या खेपेची चूकही चौकटीत सांगायची. चौकट तिनेच लिहिली. चार ओळी, एकही सबब नाही.

घड्याळात पाच वाजले होते.

थोरलीची कामाची खोली तिच्या डोळ्यांसमोर आली. वरचा मजला, पश्चिमेची खिडकी, दुपारी तापलेला तवा बरा. एसी नाही, टेबलाशेजारी एक म्हातारा पंखा, तो वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देतो. तिथे रुपेरी म्हणजे रोज दुपारी धापा, आणि काम अर्धवट. आणि थोरली घरभर सांगून बसलेली, धाकटीने सांगितलाय म्हणजे प्रश्नच नाही.

“फोन करून सांगा की जावेला,” तिची घाई ऐकून संपादक म्हणाले. “एवढ्या उन्हात कशाला जाता?”

खरंच, फोनवर सोपं होतं. फोनवर ‘चुकलं माझं’ म्हणताना समोरचा चेहरा दिसत नाही. अठरा वर्षांत दोघींची तुलना काय कमी झाली होती? आता आयता मुद्दा हातात द्यायचा: मोजणीबाई मोजायला चुकली.

पण दूध उतू गेलं त्या दिवशी थोरलीनेच हळूच कानात सांगितलं होतं, “घाबरू नकोस, तुझी शेगडी खराब आहे. मला ठाऊक होतं, पण बोलायचा धीर झाला नाही.” तिने त्या दिवशी तेवढी तरी कबुली दिली होती.

तिने आकड्यांचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग परत वळून एक थर्मामीटरही उचलला. खोली आधी मोजू, मग बोलू.

“बाई, जाताय?” काका म्हणाले.

“ताईंकडे, सहाच्या आत,” म्हणत तिने चपला पायात सरकवल्या आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.