ऐंशी रुपयांची घसरण

शुक्रवारी सकाळी मेघना ऑफिसात पोचली तेव्हा नऊ वाजून चार मिनिटं झाली होती.

गिरगावात ठाकुरद्वारच्या नाक्याजवळ, पहिल्या मजल्यावर यतीन विजयकरांचं शेअर दलालीचं छोटं ऑफिस होतं. मेघना तिथे अकरा वर्षं डीलर होती. गिऱ्हाइकांनी फोनवर ऑर्डर सांगायची, तिने ती मशीनवर टाकायची, हे तिचं काम. आदले दोन दिवस मुलीच्या तापामुळे ती रजेवर होती. आज आल्याआल्या तिने एक्स-डिव्हिडंडची, म्हणजे लाभांशाचा हक्क संपलेल्या शेअरांची, यादी उघडली, आणि तिसऱ्या ओळीवर तिची नजर थबकली. शिवडीला गोदामं असलेल्या एका जुन्या रसायन कंपनीचा विशेष लाभांश. शेअरमागे ऐंशी रुपये. रेकॉर्ड डेट, म्हणजे लाभांशासाठी मालकांची नावं नोंदायची तारीख, आजची, एक्स-डेटही आजचीच.

काल बाजार बंद झाला तेव्हा शेअर पाचशेला होता. बाजार उघडण्याआधीच्या सत्रात तो चारशे चोवीस-पंचवीसच्या आसपास दिसत होता. यात काही नवल नव्हतं. कालपर्यंत शेअर घेणाऱ्याला ऐंशी रुपये मिळणार होते, आज घेणाऱ्याला मिळणार नव्हते. मग आजचा माणूस तेवढे कमीच देणार.

पण रामदासकाकांची ऑर्डर?

रामदास परब म्हणजे लालबागचे. त्याच कंपनीच्या शिवडीच्या गोदामात त्यांनी एकतीस वर्षं स्टोअरकीपरचं काम केलं होतं. कंपनीने कामगारांना दिलेले, नंतर बोनस मिळून वाढलेले दोन हजार शेअर त्यांच्या नावावर होते. मागच्या वर्षी भाव कोसळला तेव्हा ते घाबरून ऑफिसात आले होते, आणि मेघनानेच त्यांना स्टॉपलॉस सुचवला होता. भाव चारशे चाळीसच्या खाली गेला की सगळे शेअर मिळेल त्या भावाला विकायचे, अशी वर्षभर टिकणारी ऑर्डर. ती अजून तशीच होती.

कंपनीने बोनस शेअर दिले किंवा एका शेअरचे दोन केले, की असल्या ऑर्डरी सिस्टिम आपोआप काढून टाकायची. लाभांशाच्या वेळी मात्र डीलरने आठवणीने गिऱ्हाइकाला फोन करायचा असे. तो फोन कुणीच केला नव्हता.

तिने काकांना फोन लावला. स्विच ऑफ. पुन्हा लावला. स्विच ऑफ.

"सर!" तिने आतल्या केबिनकडे बघून हाक मारली. "परबकाकांचा स्टॉपलॉस. शेअर आज एक्स-डिव्हिडंड झालाय. बाजार उघडला की ऑर्डर लागणार."

यतीन विजयकर चष्मा पुसतच बाहेर आले. स्क्रीन बघून त्यांचा चेहरा उतरला. "फोन कर त्यांना."

"बंद आहे. मी ऑर्डर काढू का? मागाहून त्यांना सांगते. त्यांना विकायचे नाहीतच सर, मला माहितीय."

"तुला माहितीय, पण फोनच्या रेकॉर्डिंगवर आहे का? त्यांच्या शब्दाशिवाय त्यांच्या खात्याला हात लावायचा नाही. उद्या भाव आणखी पडला तर ते म्हणतील, माझा स्टॉपलॉस का काढलात? काय उत्तर देशील?"

सर चुकीचं बोलत नव्हते, तोच तर त्रास होता. ती नंबर दाबत राहिली. नऊ आठ. नऊ अकरा. नऊ चौदा. दर वेळी फोन बंद असल्याचं सांगणारा तोच बाईचा आवाज.

सव्वानऊला बाजार उघडला. दोन हजार शेअर, सरासरी चारशे साडेतेवीस रुपये. विकले गेले.

तिने कपाळाला हात लावला. मग तिचं डोकं भराभर चालू लागलं. लाभांश बुडाला नव्हता. आज विकलेले शेअर सोमवारी खात्यातून जाणार, म्हणजे आज रेकॉर्ड डेटला मालक काकाच. पण शेअर गेले ते गेले, आणि खरेदीची किंमत जवळजवळ शून्य असल्यामुळे अख्ख्या रकमेवर नफ्याचा कर बसणार.

"सर, आजच्या आज, त्याच एक्सचेंजवर, तेवढेच शेअर परत घेतले तर?"

"तर विक्री आणि खरेदी एकमेकांत मिटते. डिलिव्हरीच होत नाही. शेअर हलत नाहीत, दोन भावांतला फरक तेवढा पडतो." यतीन सर थांबले. "पण त्यालाही त्यांचा शब्द लागेल. साडेतीनच्या आत."

दहा वाजता भाव चारशे सव्वीस होता. अकराला चारशे अठ्ठावीस. वाढलेल्या प्रत्येक रुपयाला दोन हजारांचा फटका. मेघना इतर गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी घेत होती, आणि दोन ऑर्डरींच्या मध्ये तोच एक नंबर लावत होती. बारा वाजता भाव चारशे तीस झाला. दोन वाजता ती उठली.

"मी लालबागला जाते."

"आणि डेस्क?"

"तुम्ही बसा सर. काकांचा फोन आला तर तुम्हीच घ्या, रेकॉर्डिंगच्या लाइनवर."

यतीन सरांनी हेडफोन उचलला.

लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर परबांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या खोलीतून मनवा नावाची तरुण बाई डोकावली. "परबकाका? काकींचं खुब्याचं ऑपरेशन आहे ना आज. परळला. पहाटेच गेलेत. काका म्हणाले, आज कुणाचे फोन नकोत." हॉस्पिटलचं नाव तिला नीट आठवेना. मग तिने नवऱ्याला विचारलं, नवऱ्याने आईला. त्यात सात मिनिटं गेली.

पुलाखाली रस्ता खणलेला होता. टॅक्सी हलेना, तशी मेघना उतरून चालत सुटली. हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर पोचली तेव्हा तीनला पाच कमी होते. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर रामदासकाका बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. शेजारी त्यांचा जावई हितेंद्र मोबाइल बघत होता.

"मेघना? तू हय खय गो?" काका गोंधळून उठले.

"काका, काकी कशा आहेत?"

"आत हत. तीन तास झाले. कोण काय सांगणत नाय."

या माणसाला आत्ता हे सांगायचं? पण हितेंद्रच बोलला. "बरं झालं आलात. मी यांना सांगणारच नव्हतो. यांची कंपनी आज पंधरा टक्के पडलीय. बुडतेय की काय?"

काकांचा चेहरा पांढरा पडला. "पंधरा टक्के?"

"बुडत नाहीये," मेघना घाईने म्हणाली. "काका, दोन मिनिटं बसा. मला दोन गोष्टी सांगायच्यात. एक वाईट आहे. तुमचा स्टॉपलॉस लागला. सकाळी सगळे शेअर विकले गेले."

"विकले?" काकांचा आवाज चढला. नर्सने आतून मान बाहेर काढली. "कोणाक विचारून? एकतीस वर्षां मी थंय..."

"माझी चूक आहे," मेघना म्हणाली. "ती ऑर्डर काढून ठेवायला मी तुम्हाला आधीच फोन करायला हवा होता. सकाळपासून करतेय, पण आज उशीर झाला. तुम्ही मला नंतर काय ते बोला. आत्ता तीन वाजलेत, साडेतीनला बाजार बंद होतो. आत्ता सांगितलंत तर शेअर परत घेता येतील."

"परत कशाला?" हितेंद्र म्हणाला. "विकले ते चांगलं झालं की. सोमवारी आणखी पडेल."

"तो पडलाय कारण कंपनीने पैसे वाटलेत," मेघना म्हणाली. "शिवडीची एक मोकळी जागा विकली, त्याचे शेअरमागे ऐंशी रुपये. कालपर्यंत ज्यांच्याकडे शेअर होता त्यांना. तेवढे पैसे कंपनीतून जाणार, म्हणून भाव तेवढा उतरला."

"मग माझे ऐंशी रुपये पण गेले?" काकांनी विचारलं.

"नाही. ते तुम्हालाच मिळणार. आज विकले असले तरी आजच्या तारखेला नाव तुमचंच आहे."

काका बाकावर बसले. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून आठ मिनिटं झाली होती.

"म्हणजे गोदामातसून माल भायर गेलो," ते हळूच म्हणाले. "स्टॉक उतरलो. पण माल चोरीक नाय गेलो. माझ्याच घराक इलो."

"हो काका. अगदी तसंच."

"आणि गोदाम शाबूत आसा."

"आहे. पण बाकीचा भाव कधीच पडणार नाही, असं मी म्हणणार नाही. तो वर जाईल, खाली जाईल. ठेवायचे की नाही ते तुम्ही ठरवायचं. परत घेतले तर सकाळच्या विक्रीवरचा कर वाचेल. पण भाव आता चारशे चौतीसच्या आसपास गेलाय, त्यामुळे साधारण वीस-एकवीस हजारांचा फटका आजच बसेल."

"बाबा, नका घेऊ," हितेंद्र म्हणाला. "हॉस्पिटलचं बिल आहे. आठ लाख हातात येतील."

तेवढ्यात थिएटरचं दार उघडलं. तिघेही उभे राहिले. दुसऱ्याच कुणाच्या तरी नातेवाइकांना बोलावलं होतं. काका पुन्हा बसले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाइल काढून चालू केला. मोबाइल कंपनीचं चिन्ह फिरत राहिलं, मग रेंज आली, मग सकाळपासून चुकलेल्या सत्तावीस कॉलचे मेसेज एकापाठोपाठ एक वाजू लागले. सगळे मेघनाचे.

त्यांनी ते पाहिले. तिच्याकडे पाहिलं.

"बिलाक विमो आसा," ते जावयाला म्हणाले, आणि मोबाइल मेघनापुढे धरला. "नंबर लाव गो."

तीन वाजून एकोणीस मिनिटांनी यतीन सरांनी फोन उचलला. काकांनी आपलं नाव सांगितलं, क्लायंट कोड मेघनाने पुढे धरलेल्या चिठ्ठीवरून वाचला, आणि गोदामाच्या दारात उभं राहून हिशेब सांगावा तशा आवाजात म्हणाले, "स्टॉपलॉसमध्ये विकले ते दोन हजार शेअर परत घ्या. बाजारभावाला. आणि आता स्टॉपलॉस लावू नका."

पलीकडे कळफलकाचा आवाज आला. मेघनाने स्पीकर चालू केला. "बाराशे मिळाले," यतीन सर म्हणाले. "थांबा... सतराशे... झाले. दोन हजार. सरासरी चारशे चौतीस."

तीन बावीस. साडेदहा रुपयांचा फरक, म्हणजे एकवीस हजार.

मेघना बाकावर बसली.

चारला दहा कमी असताना डॉक्टर बाहेर आले. शेवंतीकाकी शुद्धीवर आल्या होत्या, पाय नीट हलवत होत्या. काकांनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. मग वळून ते मेघनाला शुद्ध मराठीत म्हणाले, "एकवीस हजार तुमच्या ऑफिसने द्यायला हवेत. मी सोडणार नाही."

"हो," ती म्हणाली. "मी स्वतः लिहून देते."

तिने त्याच संध्याकाळी लिहूनही दिलं, काही न लपवता. यतीन सरांनी अर्धे ऑफिसमधून भरले आणि अर्धे तिच्या पगारातून तीन हप्त्यांत कापले. तिला वाईट वाटलं, पण अन्याय झाला असं वाटलं नाही.

सोमवारी तिने काकांचं खातं उघडलं. दोन हजार शेअर जागच्या जागी होते. तीन आठवड्यांनी काकांचा फोन आला. बँकेत एक लाख चव्वेचाळीस हजार जमा झाले होते.

"एक साठ व्हये होते ना गो?" त्यांनी संशयाने विचारलं.

"दहा टक्के कर आधीच कापलाय, काका. रिटर्न भरताना त्याचा हिशेब होईल."

"बरा," ते म्हणाले. "शेवंती काठी घेवन गॅलरीत चलता हा. येवन जा एकदा."