एकटीचा वर्ग

फेरतपासणीला मलाच का बोलावतात, हे मला ठाऊक आहे. मी वाद घालत नाही. इंदिरानगरहून रिक्षाने येतो, दाखवलेल्या खुर्चीवर बसतो, सही करतो आणि जातो.

त्या दिवशी तपासणी केंद्रात आम्ही तिघेच होतो. केंद्रप्रमुख प्रफुल्ल हा कधीकाळचा माझा विद्यार्थी. ज्योत्स्नाबाई देवळाली कॅम्पहून येणाऱ्या प्राध्यापिका, त्यांचं अर्धं लक्ष बसच्या वेळेकडे. आणि मी. विषय थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. आता तो कुणाला आवडत नाही, पण मला त्याच्याशिवाय दुसरं काही धड येत नाही.

माझ्यासमोरचा पेपर तीन गुणांनी नापास होता. नाव नाही, नंबरही नाही, नुसता बारकोड. मुलगा की मुलगी तेही कळायला मार्ग नाही.

वाद होता एका प्रश्नाचा. शून्य आणि एक यांच्या अशा मालिका घ्यायच्या, ज्यांत ‘०१’ ही जोडी जितक्या वेळा येते तितक्याच वेळा ‘१०’ येते. अशा सगळ्या मालिकांची मिळून एक भाषा. ही भाषा रेग्युलर आहे का, म्हणजे मोजक्या स्टेट, म्हणजे अवस्था, असलेल्या यंत्राला ती ओळखता येईल का? येत असेल, तर कमीत कमी किती स्टेट लागतील?

‘तितक्याच वेळा’ हे शब्द दिसले की आमच्या विषयातली माणसं पुढचं वाचतच नाहीत. मोजायचं म्हणजे अमर्याद स्मरणशक्ती लागणार, म्हणजे रेग्युलर नाही. बहुतेक मुलांनी तेच लिहिलं होतं. खरं सांगायचं तर वाचताना माझ्याही मनात तेच आलं. मग लक्षात आलं की ०१ नंतर पुन्हा ०१ यायचं तर मध्ये १० यावंच लागतं. दोन्ही जोड्या आळीपाळीनेच येणार, त्यांच्यातला फरक एकाच्या पुढे जाणारच नाही. पहिलं आणि शेवटचं अक्षर सारखं असेल तर मालिका भाषेत, नाहीतर बाहेर. मोजायचं काहीच नाही. नमुना उत्तरातही तसंच होतं : रेग्युलर, चार स्टेट.

या पेपरात लिहिलं होतं, रेग्युलर, पाच. आधीच्या परीक्षकाने पाचावर काट मारून पाच गुणांपैकी एकच दिला होता.

मी आधी पाच चूक आहे असंच धरून चाललो. छापलेलं चूक असेल असं मला सहसा वाटत नाही, माझं चुकलं असेल असं मात्र चटकन वाटतं. मागच्या पानावर रफ काम होतं. तिथे पाच गोल काढलेले, एक गोल रिकामा, आणि बाजूला एकटा ‘१’. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

मग मी पहिल्यापासून वर्ग पाडायला घेतले. रीत सोपी आहे. दोन मालिका घ्यायच्या आणि दोघींच्या शेवटी एकच शेपूट जोडून पाहायचं. कुठलंही शेपूट जोडा, दोघींचा निकाल नेहमी सारखाच लागत असेल, तर त्या एका वर्गातल्या. त्या कुठून आल्या याला महत्त्व नाही, पुढे त्यांचं काय होणार एवढंच बघायचं. एक जरी शेपूट त्यांच्यात फरक दाखवत असेल, तर वर्ग वेगळे. वर्ग मोजके निघाले तर भाषा रेग्युलर. आणि जितके वर्ग, तितक्याच कमीत कमी स्टेट.

शून्याने सुरू होऊन शून्यावर संपणाऱ्या. शून्याने सुरू, एकावर संपणाऱ्या. एकाने सुरू, एकावर संपणाऱ्या. एकाने सुरू, शून्यावर संपणाऱ्या. हे चार. आणि जिच्यात एकही अक्षर नाही ती रिकामी मालिका? तिच्यात दोन्ही जोड्या शून्य वेळा, म्हणून ती भाषेत. नमुना उत्तराने तिला पहिल्या वर्गात बसवलं होतं, कारण तोही भाषेतच.

मी तिला तिथे ठेवून पाहिलं. दोघींना ‘१’ जोडला. शून्यवाली बाहेर गेली, रिकामी आत राहिली. मग तिला तिसऱ्या वर्गात ठेवलं. तिथे ‘०’ जोडल्यावर तेच झालं. उरलेले दोन वर्ग भाषेबाहेरचे, तिथे प्रश्नच नव्हता. तिला कुणाकडेच ठेवता येईना.

तरी मी गप्प बसलो. पूर्वी असं काही झालं की मी घरी जाऊन बायकोला, ललिताला, सांगायचो. तिला यातलं काही कळत नसे. ती म्हणायची, “मग हे तिथे बोलायचं ना. मला भाजी निवडताना काय सांगता?” आता घरी सांगायलाही कुणी नाही. सुनील पुण्याहून फोन करतो, “बाबा, इकडे या,” म्हणतो. मुलगी ठाण्याला या म्हणते. दोन्हीकडे जाऊन राहिलो आहे.

“प्रफुल्ल,” मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

“बोला सर. चहा सांगू?”

“नको. हे चार कुणी काढले?”

“नमुना उत्तर आहे सर. वरून आलंय.” तो हसला. “तुम्हीच शिकवलंय ना, स्टेट कमी करता येत असतील तर करा.”

“येत असतील तर.”

“अहो, रिकामी मालिका मंजूर, शून्यवाल्या मंजूर. घातल्या एका खोलीत.”

“मग तिथून सुरू कर, आणि नुसता एक वाच.”

त्याने नमुना उत्तरातल्या आकृतीवर बोट ठेवलं, बाणावरून सरकवलं. बोट नामंजूरवर येऊन थांबलं.

“आता नुसत्या एकात ०१ किती वेळा?”

“शून्य.”

“आणि १०?”

“शून्य... अरे देवा. म्हणजे मंजूर व्हायला हवा.” तो बोट तसंच ठेवून बसला.

ज्योत्स्नाबाईंनी मान वर केली. “काय झालं? सर कधी बोलत नाहीत, आज बोलले म्हणजे माझी बस चुकणार.”

“पाच आहेत, मॅडम,” प्रफुल्ल म्हणाला.

“मग ज्यांनी चार लिहिले त्यांचं काय? मी भरभरून दिलेत हो.”

“फेरतपासणीत कुणाचे कापायचे नाहीत. पाचवाल्यांचे वाढवायचे. गठ्ठा पुन्हा बघू.” मग तो माझ्याकडे वळला. “सर, वर कळवावं लागेल. कारण लिहून द्या, सही तुमची लागेल.”

मी कारण लिहून सही केली. उद्या कुणी विचारलं तर, असं दोनदा मनात आलं. मी तो ‘१’ पुन्हा तपासला. बरोबर होता.

गठ्ठ्यात पाच लिहिणारं दुसरं कुणी निघालं नाही. मी या पेपरला पाचांपैकी पाच दिले. बेरीज केली. पास.

“याचं नाव कळेल का रे?” मी विचारलं.

“सर, नाव आमच्याकडेही नसतं. मशीनला माहीत.”

शेरा लिहायला परवानगी नसते. रफच्या पानाला गुणही नसतात. तरी मी ते पान उघडलं आणि त्या एकट्या ‘१’ पुढच्या प्रश्नचिन्हाखाली लाल पेनाने एक बारीक बरोबरची खूण केली. प्रफुल्लने पाहिलं असावं. पेपर पाकिटात गेला.

रिक्षात बसल्यावर आठवलं, फेरतपासणीनंतर वेगळा अर्ज केला तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मिळते. मागितली तर ती खूण दिसेल. पण पास झालेली मुलं झेरॉक्स मागत नाहीत.