पाचवी ओळ

"चुकलं आहे" एवढंच लिहून मोकळा होणारा परीक्षक मला मुळीच खपत नाही. अरे, चुकलं तर कुठे चुकलं ते दाखव! मॅट्रिकच्या भूमितीचे पेपर मी धुळ्यात बसून तपासायची. कुठल्या ओळीपर्यंत पोर शुद्धीवर होतं आणि कुठे घसरलं, तिथे पेन्सिलीची खूण केल्याशिवाय पुढचा पेपर हातात घ्यायची नाही. त्यापायी दोन मुख्य परीक्षकांशी माझं वाजलं, आणि त्यातूनच माझं नाव जळगावपर्यंत गेलं असणार.

तो जानेवारीचा महिना, साल सत्तावन्न. शाळा सुटली होती. शिपाई हिलाल दारातूनच म्हणाला, "बाई, जळगावतीन कोनी येल शेतस. बापलेक शेतस."

बाप म्हणजे मुख्तार, जळगावचा फोटोग्राफर. अंगावर इस्त्रीचा कोट, बोटांना फोटो धुण्याच्या औषधाचे पिवळे डाग. लेक म्हणजे जैनब, दहावीतली. बाप नमस्कार करून उभाच राहिला. लेक न विचारता बाकावर बसली. मला ती तिथेच आवडली.

मुख्तारने कागदात गुंडाळलेला मोठा फोटो माझ्यापुढे ठेवला. त्यात माणूस नव्हता. वहीच्या कागदावर हाताने लिहिलेली भूमितीची सिद्धता होती, वर आकृती आणि खाली सहा ओळी. कागद फळकुटाला टाचलेला, त्यावर मथळा: "अहंकाराचा नमुना".

"हा मथळा कुणाचा?"

"हेडमास्तरांचा," जैनब म्हणाली. "कोणत्याही कोनाचे तीन सारखे भाग करता येतात, असं मी कंपास आणि पट्टीने दाखवलं. सर म्हणाले, अशक्य आहे. मी म्हटलं, मग कोणती ओळ चुकली? ते म्हणाले, हा उद्धटपणा आहे."

पुढचं मुख्तारने सांगितलं. हेडमास्तरांनी कागद काढून घेतला, कार्यालयासमोरच्या कुलुपाच्या काचपेटीत लावला आणि परत द्यायला नकार दिला. वर एक माफीपत्र लिहून दिलं: मी अज्ञानाने व उद्धटपणाने थोरांच्या ज्ञानाला आव्हान दिले, वगैरे. सोमवारी प्रार्थनेनंतर ते सगळ्यांसमोर वाचायचं, नाहीतर नाव कमी. वर्गाचे फोटो काढायला मुख्तारलाच बोलावलं होतं. गुरुजनांची रांग बसवली, सगळे हसतमुख झाले, काम आटोपलं. मग कॅमेऱ्यातली शेवटची प्लेट त्याने माणसांवर खर्च न करता काचपेटीवर खर्च केली.

"लडकी ऐकत नाही, बाई," तो म्हणाला. "तुम्ही एवढं लिहून द्या की तिचं बरोबर आहे. मी ते सरांपुढे ठेवतो."

"बरोबर असलं तर लिहीन."

मी चष्मा पुसला आणि फोटो खिडकीपाशी नेला. आकृती नीटस होती. कोनाचं टोक म. दोन्ही भुजांवर कंपासने एकाच अंतरावर खुणा, अ आणि ब. त्या जोडणारी रेघ अब. त्या रेघेचे तीन सारखे भाग, मध्ये क आणि ड. मग मक आणि मड जोडलेल्या. आणि या सगळ्यावरून, वरच्या कोपऱ्यातून निघून शेवटच्या ओळीपर्यंत उतरलेली एक काळी तिरपी रेघ. सिद्धतेत तिचा उल्लेखच नव्हता.

"हे बघ," मी बोट ठेवलं, "इथे घोटाळा. ही रेघ कुठून आणलीस, काही सांगितलेलं नाही."

"ती माझी नाही. सरांनी काट मारलीय."

"तांबडी पेन्सिल, बाई," मुख्तार हळूच म्हणाला. "ही प्लेट तांबडं ओळखत नाही. काळंच उठवते."

मास्तराच्या काटेला मी मुलीची चूक ठरवून बसले होते. स्वतःवरच्या रागातच मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, या वेळी काट सोडून.

पहिली ओळ: मअ आणि मब सारख्या, कारण कंपास एकच. ठीक. दुसरी: अक, कड, डब सारखे. ठीक, तशी रचनाच केली होती. तिसरी: कडेचे दोन त्रिकोण, मअक आणि मबड, एकरूप, कारण दोन बाजू आणि त्यांमधला कोन सारखा. म्हणून कडेचे दोन कोन सारखे. अगदी ठीक. चौथी: तिन्ही त्रिकोणांचा पाया सारखा आणि उंची एकच, म्हणून क्षेत्रफळं सारखी. ठीक. पाचवी: म्हणून तिन्ही त्रिकोण एकरूप. सहावी: म्हणून तिन्ही कोन सारखे.

मी फोटो खाली ठेवला. "चुकलंय."

मुख्तारचा चेहरा पडला. लेक सरळ होऊन बसली. "मी तीस अंशांचा कोन घेतला होता. कोनमापकाने मोजला. दहा, दहा, दहा."

"तीस अंशांत फरक इतका बारीक पडतो की तुझ्या कोनमापकाला दिसायचा नाही. रुंद कोन घे. एकशेवीस अंश."

मी तिला कागद, कंपास आणि पट्टी दिली. तिने माझ्यासमोर पुन्हा सगळं काढलं. भराभर नाही, पेन्सिलीला टोक करून, नीट. मग कोनमापक लावला. कडेला तीस. मध्ये साठ. पुन्हा कडेला तीस. तिने कोनमापक उचलला, फुंकर मारली, पुन्हा लावला. साठच.

"म्हणजे हेडमास्तर बरोबर होते," बाप म्हणाला. त्याला सुटल्यासारखंच वाटलं असावं. "चल बेटी. माफी वाच, मिटव."

"चुकलं हे कळलं," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "कुठे चुकलं ते सांगा."

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते. पोरं गुण विचारतात, पास का नापास विचारतात. कुठे चुकलं हे कोण विचारतं?

"पाचवी ओळ," मी म्हटलं. "चौथीपर्यंत तू बरोबर आहेस. क्षेत्रफळ सारखं, हे खरं. पण क्षेत्रफळ सारखं म्हणून आकार सारखा होत नाही. केळीचे दोन मळे एकेक बिघ्याचे असले, तरी एक चौकोनी आणि दुसरा नाल्याकाठचा लांबोडका असू शकतो."

"पण यांचा पाया सारखा आहे. आणि मक दोघांत आहे."

"शाबास. म्हणजे मअक आणि मकड यांच्यात दोन बाजू सारख्या झाल्या. एकरूप व्हायला तिसरीही सारखी हवी. तिसरी कोणती?"

तिने आकृतीवर बोट फिरवलं. "यात मअ. त्यात मड."

"म वर कंपास ठेव. मअ इतका उघड आणि फिरव."

तिने कंस काढला. तो अ मधून गेला, ब मधून गेला, आणि ड कंसाच्या आत राहिला, चांगला बोटभर आत.

"मड लहान आहे," ती म्हणाली. "म्हणून एकरूप नाहीत. पाचवी ओळ मी सिद्ध केलीच नाही. मला ती हवी होती म्हणून लिहिली."

"सगळे तसेच चुकतात. मोठमोठे सुद्धा."

मला वाटलं, आता ती रडेल. पण तिने फोटो पुढे ओढला आणि त्या काळ्या रेघेवर नख ठेवलं. "पहिल्या चार ओळी बरोबर आहेत ना? मग सरांनी काट वरपासून का मारली?"

मला राग आला, आणि तो चांगला सणसणीत होता. त्या माणसाने वाचलंच नव्हतं. वाचलं असतं तर दोन मिनिटांत पाचव्या ओळीवर बोट ठेवता आलं असतं. काचपेटीला लावायला कुलूप सापडलं, वाचायला दोन मिनिटं सापडली नाहीत!

"लिहून काही देणार नाही," मी मुख्तारला म्हटलं. "सोमवारी मीच येते."

सोमवारी पहाटेच्या गाडीने पारोळा, एरंडोल करत मी जळगावला पोचले. प्रार्थना संपत आली होती. हेडमास्तरांनी मला खुर्ची दिली. त्यांना वाटलं, पाहुण्या बाई कौतुक बघायला आल्या. जैनबच्या हातात माफीपत्र होतं. तिने त्याची घडी उलगडली नाही. फळा ओढला, खडू घेतला आणि एकशेवीस अंशांचा कोन काढला.

"माझी सिद्धता चुकली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पाचवी ओळ चुकली. क्षेत्रफळ सारखं म्हणून त्रिकोण एकरूप, असं मी लिहिलं. ते होत नाही. हे बघा का." तिने कंस काढला आणि ड त्या कंसावर येत नाही ते दाखवलं. मागच्या रांगेतली पोरं टाचा उंचावून बघायला लागली. मग ती मुलींच्या रांगेकडे वळली. "शेवंता, हे बरोबर आहे म्हणून मी तुला शिकवलं होतं. तुझी माफी मागते."

शेवंता गोंधळून हसली.

"झालं?" हेडमास्तर म्हणाले. "आता कागद वाच."

"यात लिहिलंय की मी आव्हान दिलं. मी विचारलं होतं, सर. कोणती ओळ, एवढंच. तुम्ही सांगितली असती तर मी त्याच दिवशी खोडली असती."

"अशक्य ते अशक्य! ओळी कसल्या मोजायच्या त्यात?"

"माझ्या चार ओळी बरोबर होत्या," ती म्हणाली. "त्यांवरही तुमची काट आहे. तिची माफी कोण मागणार?"

मुख्तार फाटकापाशी उभा होता. मला वाटलं, तो धावत येऊन लेकीचा हात धरील, पाया पडायला लावील. तो जागचा हलला नाही.

"उद्यापासून शाळेत यायचं नाही," हेडमास्तर म्हणाले.

"उद्या कशाला?" मी उठले. "दाखला आत्ताच लिहा. मी थांबते."

"तुमचा काय संबंध, बाई?"

"मी हिला धुळ्याला आमच्या शाळेत घेतेय. आणि दाखल्यात वर्तणुकीपुढे काय लिहाल ते जपून लिहा. मला प्रत्येक ओळ तपासायची सवय आहे."

त्यांनी दाखला लिहिला. वर्तणूक चांगली, असंच लिहिलं. माझ्या धाकाने की एवढ्या डोळ्यांपुढे, ते त्यांचं त्यांना ठाऊक. जैनबने माफीपत्र घडी न मोडता त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि बापामागून निघाली. फाटकाबाहेर गेल्यावर मात्र ती रडली, खूप रडली. मीही थोडी.

धुळ्यात तिची मावशी ताजबी राहायची. तिथे तिची सोय झाली. दहावीची परीक्षा तिने आमच्याकडेच दिली आणि जूनमध्ये अकरावीत बसली. मी भूमितीला सुरुवात केली. कंपास-पट्टीने काय होतं आणि काय होत नाही, हे सांगताना फळ्यावर लिहिलं: कोणत्याही कोनाचे त्रिभाजन, अशक्य.

जैनब उभी राहिली. "बाई, हे कुणी दाखवलं?"

"एका फ्रेंच गणित्याने. शंभराहून जास्त वर्षं झाली. बीजगणिताने दाखवलं."

"त्याच्या ओळी कुठेयत?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. त्या ओळी मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"मला येत नाही ती सिद्धता," मी म्हटलं.

"मग हा शब्द कशावरून लिहिला?"

मी फळ्याकडे बघितलं. डस्टर उचललं आणि 'अशक्य' पुसून टाकलं.