आठाच्या आधीचं शून्य

नव्या नोकरीच्या पत्रात वार्षिक पगार ४.०८ लाख होता. घरातले आकडे वडीलच बघत. त्यांनी तो चार लाख ऐंशी हजार धरून बाराने भागला.

"महिना चाळीस हजार! दे राजीनामा, पोरी. वरच्या चार हजारांत आईला उठवायला-बसवायला बाई ठेवू."

लेकीने छत्तीस हजारांची नोकरी सोडली.

पहिल्या पगाराच्या स्लिपवर कपातीआधीच चौतीस हजार होते. तिने पत्र पुन्हा काढलं. चार लाख आठ हजार. शून्य वडिलांच्या नजरेतून निसटलं होतं. जुन्या जागी दुसरी मुलगी रुजूही झाली होती.

"आले ना चाळीस?" वडिलांनी विचारलं. "कॅशियर होतो म्हटलं मी!"

"आले, बाबा."

"मग बाईंना बोलाव."

"नको," ती म्हणाली. "आईला परक्या हातांनी उठायला आवडत नाही."