चार्ज परत न्यायला

रजेचा अर्ज मी बापूसाहेबांसमोर ठेवला. बापूसाहेब आमच्या संस्थेचे सचिव, आणि संस्थेचं कार्यालय म्हणजे त्यांच्या खतांच्या दुकानामागची खोली. तिथे बसलं की साडीलाही युरियाचा वास लागतो.

"दीड महिना?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "राहाटेबाई, दहावीची परीक्षा तोंडावर आलीय. आपली शाळा केंद्र. आणि मुख्याध्यापिका रजेवर?"

"परवा ऑपरेशन आहे, बापूसाहेब. डॉक्टरांचा दाखला जोडलाय."

त्यांनी दाखला वाचला. छातीत गाठ.

गाठ माझ्या हाताला दिवाळीतच लागली होती. मी कुणाला बोलले नाही. रजा घ्यायची म्हणजे चार्ज उपमुख्याध्यापकाला द्यायचा, आणि आमचे उपमुख्याध्यापक बोंद्रे सर. माझ्या नेमणुकीच्या वेळी सेवाज्येष्ठतेवरून हा माणूस थेट शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला होता. हरला. तेव्हापासून आमचं बोलणं कागदावर, मध्ये एकच भिंत असूनही. अशा माणसाच्या हाती शिक्के, किल्ल्या आणि पगारबिलावरची सही द्यायची? संस्थेच्या शेजारच्या शाळेतले मुख्याध्यापक हृदयविकाराचा झटका येऊन रजेवर गेले आणि परत आले ते दुसऱ्याच गावी, साधे शिक्षक म्हणून. त्या भीतीपायी मी गाठ अंगावर काढली. मूर्खपणाच होता तो.

सकाळी मी बोंद्रेंना अर्जाची शिक्षण विभागासाठीची प्रत दिली होती, मंजुरी आली की पाठवा म्हणून. त्यांनी ती घडी करून खिशात घातली. मधल्या सुट्टीत बघते तर त्यांची मोटारसायकल जागेवर नाही. ती बापूसाहेबांच्या दारी गेली असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बापूसाहेबांनी खणातून कोरा कागद काढला. "रजा देतो. नाही कुठं म्हणतोय? फक्त स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज तेवढा लिहून ठेवा. तारीख टाकू नका."

"तो कशाला?"

"अहो, आजार हा असला. उद्या काही बरंवाईट झालं तर शाळा अडायला नको. तुमच्याच सोयीचं आहे."

मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली की बापूसाहेबांच्या दारात कोण कोण पाकिटं घेऊन बसतं, ते गावाला ठाऊक आहे. आणि ही युक्ती बोंद्रेंची, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. पण रजा मंजूर झाली नाही तर ऑपरेशनला जाणार कशी? मी पेन उचललं.

तेवढ्यात बोंद्रे सर आत आले. काखेत हेल्मेट, अंगभर धूळ.

"या सर, या," बापूसाहेब हसले. "पेढे कधी?"

बोंद्रेंनी अर्जाची प्रत टेबलावर ठेवली. तिच्यावर शिक्षण विभागाचा आवक शिक्का होता, आजचाच. "जिल्ह्याला जाऊन देऊन आलो."

"मंजुरीच्या आधीच?"

"आगाऊ प्रत चालते. रजा कधी सुरू, कधी संपणार, सगळं त्यात आहे. फक्त रजेपुरता चार्ज माझ्याकडे, तशी माझी संमती लिहून दिलीय. सह्यांचे अधिकारही तेवढ्यापुरतेच मागितलेत." मग त्यांची नजर माझ्या पेनाकडे गेली. "हे काय लिहिताय बाई?"

मी सांगितलं.

"मग शिक्षण विभाग मलाच विचारणार. रजा मागणारी बाई दवाखान्यात असताना निवृत्त कशी झाली? मला काही थाप मारता येणार नाही. खरं ते वर जाऊन सांगायच्या सवयीपायीच बाईंचं नि माझं वाजलंय, बापूसाहेब."

बापूसाहेबांनी शिक्क्यावरची तारीख वाचली. मग कोरा कागद खणात गेला आणि माझ्या अर्जावर 'मंजूर' आलं, सहीसकट.

शाळेत येऊन आम्ही चार्जची यादी केली. शिक्के, कपाटाच्या किल्ल्या, कीर्द, दाखल्यांची पुस्तकं. बोंद्रे एकेक वस्तू बघून खूण करत होते. दोघांच्या सह्या झाल्या तरी किल्ल्यांचा जुडगा माझ्या मुठीतून सुटेना.

"सर, परत द्याल ना?" लाज सोडून विचारलंच.

"देईन की. पण तुमच्याच हातात." त्यांनी जुडगा हळूच काढून घेतला. "सचिव येवोत नाहीतर अध्यक्ष, दुसऱ्या कुणाला नाही देणार. चार्ज परत न्यायला तुम्ही स्वतः यायचं, बाई."

दिवाळीपासून मी खुर्ची जाईल म्हणूनच भीत होते. खुर्चीची भीती बरी होती, तिच्याआड दुसरी दिसत नव्हती. आता ती दिसली. ऑपरेशनमधून मी परत येईन का, हेच मला ठाऊक नव्हतं.

"येताय ना?" बोंद्रेंनी दारातून वळून विचारलं.

येईन म्हणायचं होतं. पोरांना दिवसभर ओरडणारी मी, तेवढा एक शब्द काही केल्या तोंडातून निघेना.