मंजूर रजा हलवायची नसते

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढली, पण माझ्याच चार दिवसांच्या रजेनं मला जेवढं नाचवलं तेवढं कुणी नाचवलं नाही.

अकरा ते चौदा रजा मंजूर होती. अकराला आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोळ्याचं ऑपरेशन. सोमवारी दवाखान्यातून मला आणि आप्पांनाही फोन आला, डॉक्टर बाहेरगावी जाताहेत, आता अठराला. मी तडक दुसरा अर्ज लिहिला, 'मंजूर रजा अठरा ते एकवीस अशी बदलून मिळावी, ही नम्र विनंती', आणि हेडक्लार्कांच्या टेबलावर ठेवला. रजा हलवल्याचं आप्पांना कळवलं नाही. उगाच जिवाला घोर कशाला!

बुधवारी पुन्हा दवाखान्याचा फोन. "परवा सकाळी सातला आणा हं त्यांना."

"परवा? अठराला ना?"

"तुमच्या वडिलांनीच हातापाया पडून अकरा घेतली. दुसरे डॉक्टर करतील."

मी आप्पांना फोन लावला. "हे काय केलंत?"

"अगं, तुझी रजा अकराची. मंजूर रजा हलवायची नसते, चाळीस वर्षं रजेच्याच फायली सांभाळल्यात मी."

"पण मी हलवली ना! सोमवारीच!"

आप्पा म्हणाले, "मग मी काय हलवलं?"

मला तरी कुठे कळत होतं! परवा ऑपरेशन, आणि कागदावर मी परवा कामावर.

धावत हेडक्लार्कांकडे गेले आणि तिथेच कागद ओढून खरडलं, 'माझा रजेचा अर्ज मागे घेत आहे.'

त्यांनी चष्मा वर केला. "बाई, हे दिलंत तर रजाच गेली. अकराही नाही, अठराही नाही."

"मग काय लिहू हो? मला काही सुचत नाहीये."

त्यांनी ड्रॉवरमधून माझा सोमवारचा अर्ज काढला. "साहेब दौऱ्यावर आहेत, सुधारित आदेशावर सही झालेली नाही. झाली असती तर सगळं पहिल्यापासून. आता फक्त तारीखबदलाचा अर्ज मागे घ्या. मूळ मंजुरी आहे तशी राहते, तुमच्या जागी येणारा माणूसही." मग हळूच म्हणाले, "एका आठवड्यात तीन अर्ज! रजेपेक्षा तुम्ही इथेच जास्त दिसता."

मी लाजत लिहिलं, 'तारीखबदलाची विनंती कृपया रद्द समजावी. झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहे.' त्यांनी पोच दिली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

बाहेर येऊन आप्पांना सांगितलं.

"पोच घेतलीस?"

"घेतली. पण आप्पा, एक आठवडा थांबलं असतं तर काय बिघडलं असतं? रजा मी बघितली असती."

"तुझी आई गेली ना, त्या दिवशी माझी रजा मंजूर होती," ते म्हणाले. "कामाची गडबड होती, म्हणून मी ती पुढच्या आठवड्यावर ढकलली होती."