खोलीला पत्ता म्हणत नाहीत

लेथवरची चाचणी देऊन पंधरा दिवस झाले, तरी कारखान्याकडून चकार शब्द नाही. साहेबलोकांना मौन फुकट मिळतं. त्याची किंमत खोलीत बसून वाट बघणाऱ्याला कळते. माढ्याकडून आलेल्या ज्योतीरामला ती चांगलीच कळली होती. टर्नरचं हे काम मिळालं नाही तर बिऱ्हाड गुंडाळून गावी जायचं, एवढाच मार्ग उरला होता.

तेव्हा त्यानं कारखान्याला पोस्टकार्ड लिहिलं आणि रहाटणीच्या शाळेत मारुतराव मास्तरांपुढं टाकलं. शाळा सुटली की मास्तर तिथंच गावचं टपाल सांभाळत.

मास्तरांनी मोठ्यानं वाचलं, "'लेबर ऑफिसर यांस. पंधरा दिवस झाले. माणूस पाहिजे का नको, एकदा सांगून टाका.' ज्योतीराम, नोकरी मागतोयस का भांडण?"

"खरं तेच लिवलंय."

"खरं आहे रे. पण साहेबाच्या टेबलावर तुझ्यासारखे शंभर अर्ज. त्यातला तू कोण, हे त्यानं ओळखावं कसं? चाचणी कधी झाली?"

"चार तारखेला. बिल्ला एक्केचाळीस."

"हे कुठं आहे यात?"

ज्योतीरामनं टोपी मागं सारली. म्हणाला, "दुसरी कंपनी बोलावतीया, असं लिवू का? जरा घाबरंल."

"बोलावतीय?"

"न्हाई."

"मग नको. तुझ्या थापेनं साहेब घाबरायचा नाही, तूच घाबरशील."

मास्तरांनी नवं कार्ड घेतलं आणि सांगत गेले. ज्योतीराम लिहीत गेला. 'चार तारखेस आपल्याकडे टर्नरची चाचणी दिली, बिल्ला क्रमांक ४१. निर्णय झाला असल्यास कृपया कळवावे. बोलावल्यास लगेच हजर होईन.'

"संपलं?" ज्योतीरामला ते फारच मिळमिळीत वाटलं.

"पत्ता राहिला. कारखान्याच्या फॉर्मवर कुठला दिलास?"

"गावचा."

मास्तरांनी चष्मा काढला. "आणि राहतोस इथं?"

"सोजराबाईंच्या खोलीत. पर भाड्याच्या खोलीला कुणी पत्ता म्हणतं का, मास्तर? पत्ता म्हंजी घर."

"शहाण्या, घराला कामावर बोलवायचं नाहीये त्यांना."

कार्डाच्या शेवटी एक ओळ वाढली: 'सध्याचा पत्ता: मुक्काम रहाटणी, सोजराबाई यांचे घरी.'

पाचव्या दिवशी उत्तर आलं. गावच्या पत्त्यावर आठवड्यापूर्वीच पत्र धाडलं होतं; आता सोमवारी सकाळी आठला डॉक्टरी तपासणीस यावं, पास झाल्यास लगेच रुजू व्हावं.

ज्योतीरामनं ते दोनदा वाचलं. "मास्तर, माझं पयलं कार्ड गेलं असतं तर?"

"तेही पोचलं असतं. आपलं टपाल शिव्यासुद्धा वेळेवर पोचवतं."

ज्योतीरामनं आणखी एक कार्ड मागितलं, आईसाठी. बातमी नंतर, आधी वरच्या कोपऱ्यात त्यानं ठळक अक्षरात लिहिलं, मुक्काम रहाटणी.